गुलब्याची बारी

चिमाजीतात्यांच्या टीव्हीत भूत होतं, आणि ते त्यांच्या थोरल्या भावाचं होतं. तात्यांना हे वर्षभर ठाऊक होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं, कारण ते सांगायचं तर आधी दुसरं बरंच काही सांगावं लागलं असतं.

भूत तसं शिस्तीचं. अमावास्या बघणारं नाही, रात्री-बेरात्री उठवणारं नाही. दिवेलागणीला सून विजयश्री देवापाशी दिवा लावायची, उदबत्तीचा वास हॉलपर्यंत यायचा, मुलगा शेखर चाकणला सेकंड शिफ्टला गेलेला असायचा, आणि अशा वेळी समोरच्या भिंतीवरचा बंद टीव्ही आपला आपण उजळायचा. रिमोट टीपॉयवर पालथा पडलेला. आधी काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव यायचं, मग एक चक्र गरगरायचं, मग धुरळा. धुरळ्यातून पुढे घोडी निघायची आणि तिच्यामागे चार बैल. डावीकडचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला, तो गुलब्या. शर्यतीचा घाट, म्हणजे तो चढाचा रस्ता, खालून वर चढून जायला बारा सेकंद. वर भंडारा उधळला जायचा, भोंग्यावरचा माणूस घसा फोडून यशवंतरावांचं नाव घ्यायचा, आणि टीव्ही पुन्हा काळाठिक्कर.

यशवंतराव जाऊन वर्ष होत आलं होतं.

आता भूत मुद्दाम गुलब्याच का दाखवत होतं, त्याचं कारण तात्यांच्या छातीत आठ वर्षं काट्यासारखं रुतून बसलं होतं. या घराच्या जागी पूर्वी गोठा होता. पुनावळ्यात टॉवर उभे राहायला लागले, जमिनी गेल्या, आणि तिघा भावांनी गोठा पाडून तिथं तीन मजल्यांचं घर बांधायचं ठरवलं. वर थोरले यशवंतराव, मधल्या मजल्यावर चिमाजी, तळाला धाकटे आबाजी. बैलगाडा शर्यतींवर तेव्हा बंदी होती. गुलब्या नुसता उभा राहून खायचा आणि खांबाला शिंगं घासायचा. कॉलमचे खड्डे घ्यायची वेळ आली तेव्हा यशवंतराव दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेत होते. त्या दोन दिवसांत चिमाजींनी गुलब्या मावळातल्या एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकला. एक पैसा घेतला नाही. जागाच नव्हती, करणार काय. यशवंतराव डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परत आले, चाचपडत गव्हाणीपर्यंत गेले आणि मोकळ्या खुंट्यावर हात ठेवून उभे राहिले. काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते मेले त्या दिवसापर्यंत चिमाजीशी काहीच बोलले नाहीत. पुढे बंदी उठली, घाट पुन्हा गाजायला लागले, पण त्याच वर्षी गुलब्या तिकडे मावळात म्हातारपणानं बसला तो उठलाच नाही.

आणि गंमत अशी की टीव्हीचा हा उद्योग यशवंतराव जिवंत असतानाही चालायचा. घरात टीव्ही आले त्या दसऱ्यापासून, आठवड्यातून दोन-तीनदा, संध्याकाळी तात्यांच्या टीव्हीवर गुलब्या पळायचा. बैल सुटले की वरच्या मजल्यावर धप्प करून पाय आपटल्याचा आवाज यायचा. घाटातही यशवंतरावांची ती खोड होती. बैल सुटले की टाच आपटायची. हे वरून कसं करतात ते तात्यांना कळत नव्हतं, पण का करतात ते पक्कं कळत होतं. बोलणं बंद होतं, पण टोचणं बंद नव्हतं. तात्या रिमोट उचलायचे आणि ठेवून द्यायचे. बारी, म्हणजे घाटातली ती एक धाव, संपेपर्यंत टीव्ही बंद करायला हात धजायचा नाही. शेवटी बैल आपलाच होता.

मग यशवंतराव गेले. तेरावा झाला. पंधराव्या दिवशी दिवेलागणीला टीव्ही उजळला, गुलब्या पळाला. वरून धप्प मात्र आलं नाही. तात्यांनी त्या दिवशी देवासमोर जाऊन नाक घासलं, पण दुसऱ्या दिवशी गुलब्या पुन्हा पळाला.

आज वर्षश्राद्ध होतं. भटजींनी सकाळी विधी सांगताना म्हटलं होतं, की आजपासून हा जीव पितरांत गेला, आता घराभोवती घुटमळायचा नाही. बाकीच्यांनी हात जोडले. तात्यांचे मात्र हात जोडायचे राहून गेले. म्हणजे आज दादा जाणार. आणि रागातच जाणार. गुलब्याचा हिशेब न मिटवता जाणार. वर्षभर ज्याला घाबरलो तो आज निघाला म्हणून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण जेवणाच्या पंगतीत तात्यांचा घास तोंडात फिरतच राहिला.

पंगती उठल्या, पाहुणे पांगले, शेखर शिफ्टला गेला, आणि सहाच्या सुमाराला उरलेली घरची माणसं तात्यांच्या हॉलमध्ये जमली. यशवंतरावांची लेक पूनम तळेगावला दिलेली. तिथल्याच एमआयडीसीत एका कंपनीत नोकरीला. तिनं वडिलांचे फोटो आणि जुन्या क्लिपा जोडून नऊ मिनिटांचा व्हिडिओ केला होता, आणि तो सगळ्यांना एकत्र दाखवायचा होता. फोनवर पाच डोकी एकमेकांवर आपटतात, म्हणून टीव्हीवर. तात्यांचा हॉल सगळ्यांत मोठा, म्हणून तिथं. सोफ्यावर मध्ये तिची आई सुभद्राबाई बसल्या. नवऱ्यामागं त्या दिवाळीपर्यंत वर एकट्या राहिल्या होत्या, मग लेकीनं तळेगावला नेलं. वरच्या मजल्याला तेव्हापासून कुलूप, आणि किल्ली सुभद्राबाईंच्या कमरेच्या पिशवीत.

पूनमनं फोन काढला, फोनवरचं टीव्हीवर पाठवायचं ते कास्टचं बटण दाबलं. फोन आपला शोधतोय, शोधतोय, पण टीव्ही काही सापडेना. आबाजी म्हणाले, टीव्ही एवढा भिंतीएवढा हाय आन ह्याला दिसंना व्हय. पूनम हसली. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असल्याशिवाय एकमेकांना दिसत नाहीत, आणि तिचा फोन तिच्या स्वतःच्या नेटवर चालला होता. विजयश्रीनं वायफायचा पासवर्ड सांगितला. घराची सगळी वाटणी झाली होती. पाण्याच्या टाक्यासुद्धा तीन वेगळ्या. वायफाय तेवढं एकच राहिलं होतं, कारण जिन्यात बसवलेला तो डबा तिघांत कसा वाटायचा हे कुणाला सुचलं नाही. एकाच डब्यातून वायफाय तिन्ही मजल्यांना.

पासवर्ड घातल्यावर पूनम म्हणाली, हां, आता दिसला, आणि तिनं बोट टेकवलं. फोन म्हणाला जोडलं गेलं. पूनमनं फोन आडवा धरला, व्हिडिओ सुरू केला, आणि सगळ्यांनी समोर बघितलं.

समोरचा टीव्ही काळाच. आणि वरून, कुलूपबंद मजल्यातून, यशवंतरावांचा आवाज आला.

"चिम्या कुठाय रं? चिम्याबिगर फोटू न्हाई काढायचा. बोलवा त्येला."

आवाज मोठा होता, खणखणीत, जिन्यातून घुमत खाली येत होता. यशवंतराव शेवटी शेवटी कमी ऐकायचे, म्हणून सगळ्या गोष्टी मोठ्यानंच बोलायचे आणि मोठ्यानंच ऐकायचे. आबाजींच्या हातातली सुपारी फरशीवर पडून टीपॉयखाली गेली. विजयश्रीनं दाराची कडी धरली. तात्या उठून उभे राहिले होते, पण कुठं जायचं ते पायांना ठरवता येत नव्हतं.

"बोलवा की चिम्याला," वरचा आवाज पुन्हा म्हणाला, आणि त्यामागून सनई वाजायला लागली.

सनई ऐकली आणि पूनमचा चेहरा बदलला. तिनं फोनकडे बघितलं, मग छताकडे, आणि पटकन फोनवर काहीतरी बंद केलं. सनई अर्ध्यात तुटली. तिनं पुन्हा सुरू केलं. वर सनई पुन्हा वाजली. बंद केलं, वर पुन्हा शांत.

"माझ्या लग्नातली क्लिप आहे ही," ती म्हणाली. "व्हिडिओत पहिलीच आहे. तात्या, खाली बसा, आपण चुकीच्या टीव्हीवर लावलं. वरच्या टीव्हीवर."

आबाजी म्हणाले, वरचा टीव्ही तर बंद हाय, मजला बंद हाय, मग लागंल कसा. पूनमनं समजावून सांगितलं. बोर्डाचं बटण चालू असलं की टीव्ही झोपलेला असतो, मेलेला नसतो. तो लाल ठिपका दिसतो ना, तेव्हा त्याचा एक कान वायफायकडे असतो. फोननं हाक मारली की जागा होतो. सुभद्राबाई हळूच म्हणाल्या, की बटण ह्यांनी कधी बंदच करू दिलं नाही, मीही तसंच ठेवून गेले.

मग पूनमनं फोन सगळ्यांपुढे धरला. यादीत तीन टीव्ही होते, एकाखाली एक. तिन्हींचं नाव एकच, इंग्रजीत, लिव्हिंग रूम टीव्ही. कुठला कुणाचा, ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

"असं कुणी केलं?" पूनमनं विचारलं.

आबाजींनी मान खाली घातली, पण तोंडावर लबाड हसू होतं. मग ते सांगायला लागले. दसऱ्याला तिन्ही टीव्ही एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे घेतले होते. एखादा बोटभर मोठा झाला असता तर तीन मजल्यांत सहा महिने पुरेल एवढी धुसफूस झाली असती. बसवायला दुकानातला माणूस आला होता, समाधान नावाचा, बीडकडचा. तो म्हणाला, साहेब, टीव्हीला नाव द्यावं लागतंय, कुणाकुणाचं टाकू? आबाजींनी विचार केला, की आधी कुणाचं टाकायचं, थोरल्याचं मोठ्या अक्षरात आणि धाकट्याचं लहान अक्षरात दिसलं तर काय करायचं. ते समाधानला म्हणाले, तिन्हीला जे येतंय त्येच नाव ऱ्हाऊ दे. सगळं सारखं. कुणाला बोलायला जागा नको.

"काका, धन्य आहात," पूनम म्हणाली, आणि सगळे जरा जास्तच मोठ्यानं हसले. घाबरलेली माणसं हसतात तसं.

तात्या हसले नाहीत. ते सोफ्याच्या कडेला बसले होते आणि त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत चालली होती. एकच वायफाय, तीन सारखी नावं, वर यशवंतरावांचा फोन. दादानं आपल्या टीव्हीवर गुलब्या लावायला बोट टेकवलं आणि ते चुकून खालच्यावर पडलं. एवढंच. वर्षानुवर्षं ज्याला आपण टोचणी समजलो ती म्हाताऱ्या बोटाची चूक होती. दादा टोचत नव्हता. दादा आपल्याशी काहीच करत नव्हता. तात्यांना वाटलं होतं भूत नाही हे कळलं तर बरं वाटेल, पण छातीतून काहीतरी उपसून काढल्यासारखं झालं. राग तरी होता. आता तोही नाही.

पूनम यादीतल्या दुसऱ्या नावावर बोट टेकवत होती. तात्यांनी तिला थांबवलं.

"दादाचा फोन कुठं हाय गं?" त्यांनी विचारलं.

ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नसती, पण आठ वर्षांत तात्यांनी पहिल्यांदा 'दादा' हा शब्द उच्चारला होता. सुभद्राबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी पदर सारखा केला आणि तात्यांकडे न बघता, समोरच्या काळ्या टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "भावजी, तुमच्या टीव्हीवर गुलब्या यायचा का हो?"

तात्यांनी मान हलवली. मग सगळं सांगितलं. किती वेळा, किती वाजता, कसा बंद टीव्ही उजळायचा. विजयश्री तोंडावर हात ठेवून ऐकत होती. देवापाशी दिवा लावताना तिनं बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकला होता, पण मामंजी यूट्यूब बघतात असं समजून सोडून दिलं होतं. तात्या शेवटी म्हणाले, की मला वाटलं दादा मला छळतोय. आता कळलं की त्याचं बोट चुकत व्हतं.

"चुकत नव्हतं," सुभद्राबाई म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. पहिल्यांदा चुकलंच होतं. यशवंतरावांनी गुलब्याची ती जुनी बारी लावली, आपला टीव्ही काळाच, आणि खालून भोंग्याचा आवाज यायला लागला. ते घाबरले. आता चिम्या वर येतो आणि भांडतो, म्हणून कान देऊन बसले. कुणी आलं नाही. बारी पूर्ण वाजली. मग त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. यादीत कुठला चिमाजीचा ते त्यांना कळायचं नाही; कधी आपल्यावर लागायची, कधी आबाजीकडे. आपल्यावर लागली की बंद करून पुन्हा दाबायचे. आबाजीकडे लागली तरी तसंच, त्यामुळे आबाजींना टीव्ही बिघडलाय असंच वाटत राहिलं. खालून आवाज आला की फोन ठेवायचे, बैल सुटले की टाच आपटायचे आणि फरशीवर आडवे व्हायचे, चांगला कान फरशीला लावून. बासष्ट-पासष्टच्या पुढचा माणूस, गुडघे करकरायचे, पण आडवे व्हायचेच.

"मला म्हणायचे, बंद केला न्हाई बघ. बघतुया लेकाचा. बारी संपंपर्यंत बघतुया." सुभद्राबाई सांगत होत्या. "मी म्हणायची, एवढं हाय तर खाली जाऊन बसा की शेजारी. तर म्हणायचे, बसलोय की. आमी दोघंबी घाटातच हाय."

हॉलमध्ये आबाजींच्या धाप लागल्यासारख्या श्वासाचा आवाज येत राहिला. बाहेर हायवेवरच्या कंटेनरांची घरघर होती, ती तर कायमचीच.

मग तात्यांनी विचारलं, "आन ते गेल्यावर कोण लावत व्हतं? तुमी?"

सुभद्राबाई म्हणाल्या, होय. ह्यांनी दाबायला शिकवलं होतं. दिवा लावला की लावायची. खालून आवाज आला की बरं वाटायचं, वाटायचं की अजून दोघे घाटात आहेत. नाही तर एवढ्या मोठ्या मजल्यावर एकटीनं काय करायचं.

"दिवाळीपर्यंत लावली," त्या म्हणाल्या. "मग फोन चार्जच हुईना. पाठ फुगली त्याची. पूनमनं बंद करून ठेवला, आन मी तळेगावला गेले."

पूनम म्हणाली, हो, बॅटरी फुगली होती, धोका नको म्हणून मी तो तिकडेच दुरुस्तीवाल्याकडे टाकून आले. चार महिने झाले. आता बहुतेक भंगारातच गेला असेल.

तात्यांनी मनात मोजलं. दिवाळी. त्यानंतर मार्गशीर्ष, पौष, माघ. विजयश्रीच्या माहेरी लग्न होतं तेव्हा ती नव्हती, त्या आठ दिवसांतही टीव्ही उजळला होता. संक्रांतीला उजळला होता. काल संध्याकाळी उजळला होता. त्यांनी आबाजींकडे बघितलं. आबाजींच्या खिशात बटणांचा फोन होता, त्यात फक्त फोन लागायचा आणि टॉर्च पेटायची. विजयश्री त्या वेळी देवापाशी असायची. शेखर चाकणला. आणि तळेगावहून पुनावळ्यापर्यंत कुठलंही वायफाय पोचत नाही.

तात्यांनी ते स्वतःपाशीच ठेवलं. काही गोष्टी सांगितल्या की निघून जातात.

पूनमनं मग यादीतल्या दुसऱ्या नावावर बोट टेकवलं, आणि या वेळी समोरचा टीव्ही उजळला. फोनवर जे होतं ते जसंच्या तसं पडद्यावर आलं. आधी उभी बारीक पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळं, मग तिनं फोन आडवा केला तसं चित्र पसरलं. मध्येच वरून तिच्या ऑफिसातला मेसेज लोंबकळत आला, की मॅडम उद्याच्या इंटरव्ह्यूला किती जण बोलवायचे, आणि तो सगळ्या खानदानानं वाचला. आबाजी म्हणाले, त्येला सांग चार जण बास. पूनमनं मेसेज बंद करून टाकले आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

मांडवात यशवंतराव फेटा सावरत उभे होते. पंधरा वर्षांपूर्वीचे. "चिम्या कुठाय रं?" ते म्हणाले, आणि या वेळी आवाज समोरून आला. पडद्यावर काळ्या केसांचे तात्या हातात पाण्याचा जग घेऊन धावत आले, आणि थोरल्यानं त्यांच्या गळ्यात हात टाकला. तात्यांनी तो हात बघितला. त्यापुढचं त्यांना फारसं दिसलं नाही.

व्हिडिओ संपला. विजयश्री चहा करायला गेली. पूनमनं डोळे पुसले आणि कामाच्या माणसासारखी सरसावून बसली. म्हणाली, आता मी तिन्ही टीव्हींची नावं बदलून टाकते. सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम. वरचा, मधला, तळचा. पुन्हा असा घोटाळा व्हायला नको. आबाजींनाही पटलं, म्हणाले, मजल्याची नावं दिली तर भांडायला कारण न्हाई. पूनमनं रिमोट उचलला, सेटिंगचं चाक उघडलं.

"न्हाई," तात्या म्हणाले.

पूनमनं वळून बघितलं.

"नावं हायेत तशी ऱ्हाऊ दे. आन वरच्या टीव्हीचं बटण बंद करू नका कुणी."

पूनमला वाटलं तात्या हळवे झालेत. तिनं रिमोट खाली ठेवला, कास्टिंग बंद केलं, फोन टीपॉयवर ठेवला. टीव्हीवर थोडा वेळ डोंगराचा फोटो राहिला. विजयश्रीनं चहा आणला, टीव्ही बंद केला आणि ती देवापाशी गेली. काडी ओढल्याचा आवाज आला. उदबत्तीचा वास हॉलमध्ये पसरायला लागला. खिडकीबाहेर टॉवरांचे दिवे एकेक करून लागत होते.

तात्या चहाचा कप तसाच हातात धरून टीव्हीकडे बघत होते. भटजींचा शब्द त्यांच्या कानात होता. आता घुटमळायचा नाही. काळ्या पडद्यात त्यांना हॉल दिसत होता, सोफ्यावरची सगळी डोकी दिसत होती. कोपऱ्यात लाल ठिपका.

लाल ठिपका विझला.

पडद्यावर कंपनीचं नाव आलं. मग चक्र गरगरलं. आबाजी म्हणाले, पूनम, तुझं काहीतरी लागलं बघ. पूनमचा फोन टीपॉयवर पालथा होता. तिनं तो उचलला. फोन शांत होता, तिनं काहीच लावलं नव्हतं, फक्त वरच्या बाजूला एक सूचना आली होती. एकाच वायफायवर कुणी टीव्हीला काही लावलं की ती बाकीच्या फोनांनाही कधीकधी येते, त्यात थांबवायचं बटण असतं. लिव्हिंग रूम टीव्ही, चालू आहे. कुणी लावलं ते लिहिलेलं नव्हतं.

"कोण लावतंय?" पूनमनं विचारलं, आणि स्वयंपाकघरापासून जिन्यापर्यंत सगळीकडे बघितलं. विजयश्री देवापाशी हात जोडून उभी होती, घरातली बाकीची माणसं पूनमसमोर बसली होती.

पडद्यावर धुरळा उठला होता. खाली निशाणवाला हात वर करून उभा. घोडी थरथरत होती. चार बैल दाव्याला हिसडे देत होते, आणि डावीकडे, कपाळावर पांढरा टिळा असलेला, गुलब्या मान खाली घालून पायानं माती उकरत होता.

निशाण पडलं. बैल सुटले.

वरच्या कुलूपबंद मजल्यावर कुणीतरी टाच आपटली. धप्प. छताच्या पंख्याची पाती किंचित हलली.

आबाजींनी सुपारीसाठी खिशात घातलेला हात तसाच राहिला. सुभद्राबाई मात्र दचकल्या नाहीत. त्यांनी हात वर नेला आणि डोक्यावरून घसरलेला पदर हळूच पुढं ओढून घेतला, जसा त्या यशवंतराव समोर आले की चाळीस वर्षं ओढून घेत आल्या होत्या.

चिमाजीतात्यांनी कप खाली ठेवला. पाय उचलला आणि आपल्या फरशीवर टाच आपटली. एकदा, जोरात.

पूनमचा अंगठा थांबवायच्या बटणावर येऊन थांबला होता.

"तात्या," ती म्हणाली, "बंद करू?"

गुलब्या अर्ध्या घाटात होता. तात्या सोफ्यावर जरा बाजूला सरकले, शेजारी एका माणसाची जागा केली, आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाले,

"थांब. बारी संपू दे."